रोजा सारखा, झोप वेगळी

लग्नानंतरचा पहिला रमजान सासरी आला की नव्या सुनेच्या कपड्यांची, इफ्तारच्या पदार्थांची आणि ईदीची घरात चर्चा होते. तिच्या झोपेची मात्र होत नाही. खरे तर महिनाभरात सर्वात जास्त बदलते ती तीच.

संगमनेरहून मालेगावात लग्न होऊन आलेल्या एका मुलीचे उदाहरण घेऊ. माहेरी चार माणसे, रात्री दहाला दिवे बंद. सासरी नऊ माणसांचे कुटुंब, गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट. नव्या जागी पहिले काही दिवस झोप सावध राहते, प्रत्येक आवाजाला जाग येते. हे नखरे नव्हेत. अनोळखी ठिकाणी मेंदू पूर्ण विसावत नाही. त्यात रमजान सुरू झाला.

फेब्रुवारी-मार्चच्या रमजानमध्ये सहेरीची वेळ साडेपाचच्या सुमारास संपते. नऊ जणांच्या गरम चपात्या आणि सालन व्हायचे, म्हणून ती साडेतीनला उठे. रात्री पुरुष तरावीहहून पावणेदहाला परतत. मग चहा, पुन्हा थोडे खाणे, त्यानंतर भांडी. तिला अंथरूण मिळे ते पावणेबाराला. म्हणजे रात्रीची झोप पावणेचार तास. फजरनंतर सव्वासहा ते सव्वासात एक तास. एकूण पावणेपाच. तिचा नवरा साडेदहाला झोपून पावणेपाचला उठे आणि फजरनंतर आणखी दोन तास झोपे. त्याची बेरीज सव्वाआठ तास. दोघांचा रोजा मात्र अगदी सारखा. प्रौढ माणसाला साधारण सात तास झोप लागते, हे लक्षात घेतले तर रोजच्या रोज सव्वादोन तासांची उधारी कोणाच्या नावावर चढत होती ते कळते.

अशी उधारी लगेच बोलत नाही. आठवड्याभरात रिक्षात बसल्या-बसल्या डोके खाली येते, फोडणी करपते, साध्या बोलण्यावर डोळ्यांत पाणी येते. घर म्हणते, ‘सून चिडकी आहे.’ उपाशीपोटी होणाऱ्या डोकेदुखीचे खापरही रोज्यावर फुटते. पण पुष्कळदा त्यामागे अपुरी झोप आणि सुटलेला सकाळचा चहा असतो.

मग करावे काय? ‘हळूहळू सवय होईल’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. शरीराचे घड्याळ नव्या वेळेकडे थोडे थोडे सरकते. पण सवयीने फक्त वेळ बदलते, गरज कमी होत नाही. पावणेपाच तासांची कोणालाही सवय होत नाही, झालीशी वाटते इतकेच.

या घरात तोडगा निघाला तो सासूबाईंच्या हिशेबाने. कणीक रात्रीच मळून ठेवायची आणि सालन इफ्तारबरोबरच करायचे. भांडी मुलांनी घासायची, म्हणजे साऱ्यांना पावणेअकराला झोपता येईल. सहेरीला सून आणि जाऊ यांनी एक दिवसाआड उठायचे. पाळी असेल तिने तीन पन्नासला, इतरांनी चार चाळीसला. तरावीहनंतरचा कडक चहा बंद, कारण चहातले कॅफिन निम्मे उतरायलाच पाचेक तास लागतात. दुपारी जोहरनंतर अर्धा तास दार लोटून झोप. पाळीच्या दिवशी पाच तास पाच मिनिटे, फजरनंतरचा एक तास आणि दुपारचा अर्धा, असे सहा तास पस्तीस मिनिटे होतात. दुसऱ्या दिवशी सात तास पंचवीस.

दुपारची ही झोप नव्या सुनेला सर्वात अवघड जाते. ‘सून झोपली’ हे वाक्य तिने ऐकलेले असते. वास्तविक दुपारच्या छोट्या विश्रांतीला कैलूला म्हणतात आणि ती सुन्नत मानली जाते. ती अर्ध्या तासाचीच असावी. दीड-दोन तास झोपले तर उठल्यावर अंग जड होते आणि रात्री झोप लांबते. शुक्रवारी माग बंद म्हणून दुपारपर्यंत लोळण्यानेही असेच होते, आठवड्याची बसलेली घडी विस्कटते.

आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली जात नाही. महिन्यातले जे दिवस स्त्रीला रोजा माफ असतो, त्या दिवशीही नवी सून लाजेखातर साडेतीनला उठते, कोणाला कळू नये म्हणून. शरीअतने दिलेली सवलत घराच्या संकोचात वाया जाते. सासूने आदल्या रात्री ‘उद्या मी बघते’ एवढे म्हटले तरी पुरे. कारण विचारायची गरज नाही.

शेजारच्या घरात काकड आरतीसाठी किंवा दिवाळीच्या पहाटे उठणाऱ्या सुनेचा हिशेबही मांडून पाहावा. घर कोणाचेही असो, सर्वात आधी कोण उठते आणि सर्वात शेवटी कोण झोपते, ही दोन्ही नावे एकच निघाली, तर तिथे पाळी लावायची वेळ झाली आहे.