सोनं फुकट, जेम्स विकत: गेममधला ‘विनिमय दर’ इतका विचित्र का वाटतो?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा गेम चालवणाऱ्या कंपनीसोबत तडजोड जाहीर केली. २ कोटी डॉलरच्या दंडाची बातमी सगळीकडे झाली, पण त्यातली एक अट फारशी कुणी वाचली नाही. ती अट अशी की एका चलनातून दुसरं चलन घेताना नेमका दर काय पडतो, हे कंपनीने खेळाडूला स्पष्ट सांगायचं. फुकट डाऊनलोड होणाऱ्या गेमबाबत सरकारी संस्थेला ‘विनिमय दर दाखवा’ असं का सांगावं लागलं? त्यासाठी अशा गेममधली दोन प्रकारची चलनं आधी नीट समजून घ्यायला हवीत.

‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ बहुतेकांनी कधी ना कधी खेळलेला असतो, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. त्यात सोनं आणि एलिक्सिर हे सॉफ्ट करन्सी, म्हणजे खेळून मिळणारं चलन. खाणीतून सोनं आपोआप साठतं, दुसऱ्याच्या गावावर हल्ला केला की लुटीत मिळतं. जितका वेळ द्याल तितकं येत राहतं. ते असंच साठत गेलं तर त्याला किंमत उरणार नाही, म्हणून गेम ते सतत खर्चही करायला लावतो: भिंती, तोफा, टाऊन हॉल, आणि पुढची प्रत्येक पायरी आधीपेक्षा महाग. एका बाजूने नळ चालू, दुसऱ्या बाजूने मोरी मोकळी.

हिरवे जेम्स हे प्रीमियम चलन. झाडंझुडपं साफ केली किंवा अचीव्हमेंट पूर्ण केल्या की थोडे जेम्स फुकटही मिळतात, पण भरपूर हवे असतील तर दुकानातून पैसे देऊन घ्यावे लागतात. सोन्याची किंमत गेम ठरवतो, जेम्सचं टोक मात्र तुमच्या बँक खात्याला बांधलेलं असतं.

आता मुख्य मुद्दा. जेम्स देऊन सोनं घेता येतं, पण सोनं देऊन जेम्स घेता येत नाहीत. रस्ता एकेरी आहे, आणि त्यामागे साधं कारण आहे. उलटा बदल खुला असता तर लोकांनी दहा-दहा अकाउंट उघडून, बॉट लावून रात्रभर सोनं गोळा केलं असतं, त्याचे जेम्स केले असते, आणि दुकानातले जेम्स कुणी विकत घेतलेच नसते. ‘वॉरफ्रेम’सारख्या काही गेममध्ये खेळाडू एकमेकांना वस्तू विकून प्लॅटिनम हे प्रीमियम चलन मिळवू शकतात. पण तिथे गेम नवं प्लॅटिनम देत नाही. कुणीतरी आधी पैसे भरून घेतलेलंच फक्त हात बदलतं.

एकेरी रस्ता समजण्यासारखा आहे. खटकतो तो दर. ‘क्लॅश’च्या खेळाडूंनी वर्षानुवर्षं नोंदवून ठेवलेला तक्ता पाहा. १,००० सोन्याची कमतरता भरायला ५ जेम्स, १०,००० ला २५, १,००,००० ला १२५ आणि १०,००,००० ला ६००. म्हणजे छोट्या कमतरतेत एका जेमला २०० सोनं मिळतं, तर मोठ्या कमतरतेत जवळपास १,६६७. वेळेचंही तसंच. एक मिनिट वाचवायला १ जेम, एक तासाला २०, एका दिवसाला २६०, पूर्ण आठवड्याला १,०००. आठवड्याच्या भावाने गेलात तर एका तासाचे सहाच जेम्स पडतात. सुट्टा तास मात्र २० चा.

समजा, तुम्हाला दहा लाखांची अपग्रेड करायची आहे आणि हातात ९,९०,००० सोनं आहे. १०,००० कमी पडतात. स्क्रीनवर येतं: २५ जेम्स देऊन उरलेलं भरा. आकडा लहान दिसतो, दोन दिवसांची मेहनत समोर असते, आणि बोट बटणाकडे जातं. या २५ जेम्सला प्रत्येकी ४०० सोनं मिळालं, म्हणजे दहा लाख एकदम घेणाऱ्याच्या तुलनेत तुम्ही चौपट भाव दिला. पण स्क्रीनवर हा हिशोब कुठेच नसतो, आणि असला तरी त्या क्षणी कोण करत बसणार? ‘थोडंसंच कमी आहे’ ही भावना सगळ्यात जास्त जिथे असते, तिथेच दर सगळ्यात महाग आहे. हे निव्वळ योगायोगाने झालं असेल, असं मला वाटत नाही.

गेमची बाजूही थोडी आहे. अर्धा जेम देता येत नाही, आणि मिनिटाला एक हाच भाव सगळीकडे लावला तर आठवडाभराची अपग्रेड दहा हजार जेम्सच्या पुढे जाईल. तेवढं कुणीच देणार नाही. त्यामुळे मोठ्या आकड्यांवर सूट द्यावीच लागते. मात्र त्या सुटीचा भार छोट्या, घाईच्या खरेदीवर पडतो.

दुसरी अडचण जेम्स आणि पैशांच्या मध्ये आहे, आणि इथे ‘गेन्शिन’ परत येतो. त्यात पैसे देऊन जेनेसिस क्रिस्टल मिळतात, त्यांचे प्रिमोजेम होतात, आणि १६० प्रिमोजेमला एक ‘विश’ म्हणजे एक सोडत. सगळ्यात लहान पॅक ६० क्रिस्टलचा, अमेरिकेत ०.९९ डॉलरला. एका विशसाठी असे तीन घ्यावे लागतात. १८० क्रिस्टल होतात, २.९७ डॉलर जातात आणि २० क्रिस्टल उरतात. ते वीस कशाच्याच कामाचे नाहीत, पण वाया घालवायलाही जीव होत नाही, मग पुढचा पॅक थोडा गरजेचा वाटायला लागतो. सगळ्यात मोठा पॅक बोनस धरून ८,०८० चा, ९९.९९ डॉलरला. त्यात तीच विश साधारण १.९८ डॉलरला पडते, आणि इथेही पन्नास विशनंतर ८० क्रिस्टल शिल्लक राहतात. मग एका विशची किंमत नक्की किती? तुम्ही कोणता पॅक घेतला त्यावर ती बदलते. त्यात पहिल्या खरेदीवर दुप्पट क्रिस्टल मिळतात, म्हणजे एकदा स्वस्त पडलेला भाव डोक्यात बसतो आणि पुढच्या वेळी तो नसतो.

म्हणूनच एफटीसीच्या तडजोडीत दर दाखवण्यासोबत आणखी एक अट आहे: लूट बॉक्स चलनाने विकायचा असेल तर तो थेट खऱ्या पैशांतही विकत घेता यायला हवा. मार्च २०२५ मध्ये युरोपीय संघातल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी जाहीर केलेली तत्त्वं याच दिशेची आहेत. वस्तूची किंमत खऱ्या चलनातही दाखवा, आणि नको असलेलं चलन घ्यायला लावणारे पॅक लादू नका. यातलं काहीही भारताला आपोआप लागू होत नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात तेरा प्रकार नावानिशी दिलेत, पण गेममधलं चलन त्यात वेगळा प्रकार म्हणून नाही. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. कपडे, स्किन किंवा जेम्स विकत घेणं हा त्याचा मुख्य विषय नाही.

तोवर हिशोब आपल्यालाच करावा लागणार, आणि तो एका ओळीचा आहे: पॅकची किंमत भागिले पॅकमधले जेम्स, गुणिले वस्तूला लागणारे जेम्स. शिल्लक राहणारे जेम्स तुम्ही खरंच वापरणार नसाल तर भागाकार सोडा आणि पूर्ण पॅकची रक्कमच त्या वस्तूची किंमत धरा. वरच्या उदाहरणातले २५ जेम्स घ्या. ‘क्लॅश’चा सगळ्यात लहान पॅक बराच काळ ८० जेम्सचा, ०.९९ डॉलरला होता. भागाकाराने २५ जेम्सचे सुमारे ३१ सेंट होतात. खात्यातून मात्र ९९ जातात.