दुकान बंद, पण डेटाबेसचा मीटर चालू?

ऑर्डर ॲप बनवून घेताना डेव्हलपर विचारतो, "डेटाबेस प्रोव्हिजन्ड घ्यायचा की सर्व्हरलेस?" प्रोव्हिजन्ड म्हणजे ठरलेल्या भाड्याचा गाळा. गिऱ्हाईक येवो न येवो, भाडं द्यायचंच. सर्व्हरलेस म्हणजे मीटर, जेवढा वापर तेवढंच बिल. सगळे म्हणतात छोट्या धंद्याला सर्व्हरलेसच स्वस्त. माझं मत, हे अर्धंच खरं आहे.

ॲमेझॉनच्या ऑरोरा डेटाबेसचं उदाहरण घेऊ. दर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रीजनचे आहेत. मुंबई रीजनचे वेगळे असतात, पण हिशोबाची पद्धत तीच.

स्टोरेज महिन्याला एका जीबीला 0.10 डॉलर. दहा लाख रिक्वेस्टला, म्हणजे डिस्कवरच्या वाचन-लेखनाला, 0.20 डॉलर. डेटा आत येताना फुकट; इंटरनेटवर बाहेर जाताना महिन्याला पहिले 100 जीबी फुकट, पुढे जीबीमागे 0.09 डॉलर. हे तिन्ही खर्च दोन्हीकडे सारखेच! लहान दुकानाला 10 जीबी आणि 50 लाख रिक्वेस्ट धरल्या तरी दोन डॉलर होतात. म्हणजे खरा फरक मशीनच्या भाड्यात आहे.

आता लोणी काळभोरमधलं एक किराणा दुकान घ्या, सकाळी 9 ते रात्री 9. प्रोव्हिजन्डमध्ये db.t4g.medium मशीन तासाला 0.073 डॉलर, 730 तासांचे 53.29 डॉलर. सर्व्हरलेसमध्ये क्षमता एसीयूमध्ये मोजतात, एका एसीयूला तासाला 0.12 डॉलर. दिवसा सरासरी एक एसीयू लागला आणि रात्री डेटाबेस झोपला, तर 360 तासांचे 43.20 डॉलर. दहा डॉलर वाचले.

पण तो झोपलाच नाही तर? ॲपने एक कनेक्शन जरी उघडं ठेवलं किंवा एखादा प्रोग्राम दर दोन मिनिटांनी स्टॉक विचारत राहिला, तर डेटाबेस जागाच राहतो. उरलेले 370 तास अर्धा एसीयू धरा, आणखी 22.20 डॉलर. एकूण 65.40, म्हणजे भाड्याच्या गाळ्यापेक्षा महाग!

म्हणून डेव्हलपरला सांगा, MinCapacity शून्य ठेव आणि रात्री कनेक्शन बंद कर. मग आठवडाभर ServerlessDatabaseCapacity चा ग्राफ बघा. रात्री रेघ शून्यावर नसेल, तर काहीतरी त्याला जागं ठेवतंय. हेही लक्षात ठेवा, झोपेतून उठायला साधारण 15 सेकंद लागतात, म्हणून सकाळचं पहिलं बिल जरा अडकेल. आणि झोपेतही स्टोरेजचं बिल चालूच राहतं.

माझा नियम सोपा आहे. महिन्याचे एसीयू-तास 444 च्या खाली असतील तर सर्व्हरलेस, वर गेले तर ठरलेलं भाडं. ॲप चोवीस तास चालणार असेल, तर मीटरच्या मोहात पडू नका.