सरासरी हा अंदाज नव्हे

पूर्वपरीक्षा आटोपली की जानेवारीत छत्रपती संभाजीनगरच्या बहुतेक शाळांत पालकसभा भरते. वर्गशिक्षक जूनपासूनच्या सगळ्या चाचण्यांचे गुण मिळवतात, भागाकार करतात आणि सांगतात, ‘बोर्डात पंचावन्नच्या आसपास जाईल.’ या पद्धतीला माझा विरोध आहे. ताज्या चाचणीला जास्त आणि जुनीला कमी वजन दिल्याशिवाय बोर्डाचा अंदाज बांधूच नये.

दोन मुले घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत. पहिल्याचे सहा चाचण्यांतले गुण 42, 45, 51, 58, 64, 66. दुसऱ्याचे अगदी उलटे: 66, 64, 58, 51, 45, 42. दोघांचीही सरासरी 54.3. एक चढतो आहे, दुसरा घसरतो आहे, आणि शाळेच्या लेखी दोघे एकच. घसरणाऱ्या मुलाकडे जानेवारीत कोणी धावत जात नाही, कारण कागदावर त्याचे बरे चाललेले दिसते. मला सर्वांत जास्त खुपते ते हे.

आता दुसरी रीत पाहा. पहिल्या चाचणीचे गुण हाच पहिला अंदाज धरायचा. पुढे प्रत्येक चाचणीनंतर जुन्या अंदाजाचे 60 टक्के आणि नव्या गुणांचे 40 टक्के मिळवायचे. पहिल्या मुलाचा अंदाज 42 वरून 43.2 होतो, मग 46.3, 51, 56.2 आणि शेवटी 60.1. दुसऱ्याचा उतरत उतरत 48.4 वर येतो. जिथे फरक शून्य दिसत होता तिथे जवळजवळ बारा गुणांचे अंतर निघाले. यात जुनी चाचणी पुसली जात नाही. दर नव्या चाचणीगणिक तिचा आवाज तेवढा बारीक होत जातो.

यावर सरासरीवाले म्हणतात, ‘वर्षभर घाम गाळणाऱ्यावर हा अन्याय आहे.’ बक्षीस द्यायचे असेल तर त्यांचे म्हणणे रास्त आहे. वर्षाच्या कष्टाचे माप सरासरीनेच घ्यावे. पण मार्चमध्ये हा मुलगा काय लिहील, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर गेल्या जूनपेक्षा या जानेवारीत जास्त सापडते.

आपल्याकडे जुन्या गुणांना झुकते माप दिल्याचा ठळक दाखला 2021 चा. कोरोनामुळे दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली आणि राज्य मंडळाने विषयवार सूत्र लावले: नववीच्या निकालाला 50 गुण, दहावीतल्या लेखी मूल्यमापनाला 30, तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनाला 20. त्या मुलांची नववी 2019-20 ची. टाळेबंदीत तिचे दुसरे सत्र परीक्षेविना गेले होते. म्हणजे निम्मे वजन मुख्यतः पहिल्या सत्रावर, दीड वर्षापूर्वीच्या कामगिरीवर पडले. जालना, बीड, परभणी, हिंगोलीसह आपल्या विभागातल्या ज्या मुलाने दहावीत उचल खाल्ली, त्याला ती नववी मागे खेचत राहिली. त्याच वर्षी बारावीला दहावी 30, अकरावी 30 आणि बारावी 40 टक्के असे वजन होते. तिथे निदान कल तरी योग्य दिशेला होता.

मंडळाच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. नववीचे पेपर वर्गात, शिक्षकांच्या डोळ्यांसमोर झाले होते. दहावीच्या चाचण्या पुष्कळदा घरी बसून. ज्या गुणांचा भरवसा कमी, त्यांचे वजन कमी करावे, हे मला मान्य आहे. पण तो तोडगा त्या एका वर्षाचा. आज सगळ्या चाचण्या वर्गातच होतात, तेव्हा जुन्याला झुकते माप देण्याचे ते कारण उरत नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे. पूर्वपरीक्षेच्या दिवशी पहिल्या मुलाला ताप आला आणि 66 ऐवजी 40 पडले, तर अंदाज 60.1 वरून 49.7 वर कोसळतो. साधी सरासरी तेव्हा 50 वर येते. म्हणजे या एका चाचणीने इतक्या महिन्यांची चढण गिळली. वजन 40 ऐवजी 80 टक्के ठेवले तर एकेका पेपरवर मुलाचे भवितव्य हिंदकळेल. 10 टक्के ठेवले तर मुलाने केलेली सुधारणा दिसायलाच फेब्रुवारी उजाडेल. म्हणून हा आकडा कोणाच्या मतावर सोडू नये. शाळेकडे मागच्या बॅचच्या चाचण्यांचे गुण आणि बोर्डाचा निकाल दोन्ही असतात. 20, 30, 40, 50 टक्के असे वजन घेऊन प्रत्येक मुलाचा अंदाज काढावा, तो खऱ्या गुणांपासून किती चुकला ते मांडावे आणि सरासरी चूक सर्वांत कमी येईल तो आकडा ठेवावा. सरासरीवाल्यांनी आपली सरासरीही याच कसोटीला लावावी.

मात्र त्याआधी एक काम केलेच पाहिजे. पूर्वपरीक्षेचा पेपर पुष्कळ शाळा मुद्दाम कठीण काढतात. तिथे सगळा वर्ग दहा गुणांनी खाली आला तर ताजे वजन प्रत्येकालाच घसरलेला ठरवेल. तेव्हा कच्चे गुण न घेता वर्गाच्या सरासरीपेक्षा मूल किती वर किंवा खाली आहे तो फरक घ्यावा आणि वरची सगळी आकडेमोड त्या फरकावर करावी.