न दिसणारा धूर

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका गृहस्थांनी घरातल्या हवेवर तासभर भाषण दिलं. त्यांचं म्हणणं तीन वाक्यांत सांगता येतं. उदबत्ती लावणं म्हणजे देवघरात बसून सिगारेट ओढणं. धूप त्याहून वाईट. डिफ्यूझरमध्ये मात्र काहीच जळत नाही, त्यामुळे धूर नाही, आणि धूर नाही म्हणजे हवा शुद्ध. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आठवड्याभरात आमच्या मजल्यावर तीन घरांत डिफ्यूझर आले. त्यातलं एक घर माझं. माझ्या आईला दमा आहे, त्यामुळे या विषयात मी कुणाच्या टाळ्यांवर विसंबून राहू शकत नाही. गृहस्थांचं तिसरं वाक्य चुकीचं आहे आणि ते चुकीचं का आहे हे मला सविस्तर सांगायचं आहे.

आधी त्यांचं जे खरं आहे ते मान्य करतो. २००८ सालच्या एका वैद्यकीय आढाव्यात दिलेला आकडा असा आहे की १ ग्रॅम उदबत्ती जळली की सरासरी ४५ मिलिग्रॅमहून जास्त कण हवेत जातात, तर १ ग्रॅम सिगारेटमागे साधारण १० मिलिग्रॅम. हा आकडा मी नाकारत नाही. पण सिगारेटचा धूर माणूस थेट छातीत ओढतो, उदबत्तीचा धूर आधी खोलीभर पसरतो. म्हणून 'सिगारेटच्या साडेचारपट' ही घोषणा करून थांबता येत नाही, खोली किती मोठी आणि खिडकी किती उघडी हे विचारावं लागतं. १० बाय १२ फुटांची खोली घ्या, उंची साडेनऊ फूट. त्यात साधारण ३२ घनमीटर हवा मावते. काडी सोडून उदबत्तीचा १ ग्रॅम मसाला जळला आणि खोली अगदी बंद असली तर ४५ मिलिग्रॅम भागिले ३२, म्हणजे दर घनमीटरला १,४०० मायक्रोग्रॅम. प्रत्यक्षात काही कण बाहेर जातात, काही भिंतीवर बसतात, म्हणून ही वरची मर्यादा समजा. तरी आपल्याकडच्या बाहेरच्या हवेच्या मानकात पीएम २.५ साठी २४ तासांची सरासरी ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५. बंद खोलीत पूर्ण उदबत्ती लावणं वाईटच, इथपर्यंत गृहस्थ आणि मी एकत्र आहोत.

आता डिफ्यूझर. बाजारात जो सर्वात जास्त विकला जातो त्यात तळाशी एक छोटी चकती असते, ती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक थेंब उडवते. तेलाचे चार थेंब या पाण्याबरोबर हवेत जातात. इथे पाणी उकळून त्याची वाफ होत नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. भांड्यातलं पाणी उकळलं की क्षार भांड्याच्या तळाशी राहतात, गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर तोच. डिफ्यूझरमध्ये मात्र थेंबच्या थेंब उडतो, म्हणजे त्यात विरघळलेले क्षारही त्याच्याबरोबर उडतात. हवेत थेंबातलं पाणी सुकून जातं आणि मागे क्षाराचा सूक्ष्म कण तरंगत राहतो. धुरासारखा तो डोळ्यांना बोचत नाही, त्याला वासही नाही. म्हणूनच गृहस्थांना तो दिसला नाही.

आता माझ्या घरचा हिशेब. आमची सोसायटी पुण्याच्या पूर्वेला, उन्हाळ्यात टँकरवर जगणारी. टीडीएस मीटर नळाच्या पाण्यात बुडवला तेव्हा ६२० आकडा आला, म्हणजे लिटरमागे अंदाजे ६२० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा पर्याय नसेल तर २,००० पर्यंत चालतं, त्यामुळे आमचं पाणी काही विशेष वाईट नव्हे. बोअरवेल असलेल्या पुष्कळ गावांत याहून जास्त आकडा येतो. डिफ्यूझरची टाकी १०० मिलिलिटरची, ती सुमारे तीन तासांत संपते. १०० मिलिलिटरमध्ये ६२ मिलिग्रॅम क्षार. उदबत्तीचे ४५, डिफ्यूझरचे ६२. ज्या यंत्राला 'धूर नाही म्हणून हवा शुद्ध' असं प्रमाणपत्र मिळालं, ते माझ्या नळाच्या पाण्यावर एका उदबत्तीपेक्षा जास्त वजनाची धूळ खोलीत सोडत होतं.

हे मी नुसतं कागदावर मांडून थांबलो नाही. डिफ्यूझरखालच्या काळ्या लाकडी फळीवर तिसऱ्या दिवशी पांढरी साय दिसली, बोटाने पुसली तर पिठासारखी लागली. टीव्हीच्या पडद्यावर तीच. मग ओळखीच्या एकाकडून हवेतले कण मोजणारं छोटं यंत्र आणलं. त्यात एक फसगत आहे, ती सांगतो म्हणजे दुसरं कुणी फसणार नाही. ही यंत्रं प्रकाशाच्या झोतात कण मोजतात, त्यांना पाण्याचा थेंब आणि क्षाराचा कण यांतला फरक कळत नाही. म्हणून चालू डिफ्यूझरसमोर आलेला भला मोठा आकडा पुरावा म्हणून चालत नाही. डिफ्यूझर बंद करून, दार लावून दहा मिनिटं थांबायचं. थेंब तेवढ्यात सुकतात, क्षार तरंगत राहतात. माझ्याकडे आकडा खाली आला, पण सुरुवातीच्या पातळीवर पोचला नाही. दुसऱ्या दिवशी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरलं, तीच खोली, तेच तेल. या वेळी दहा मिनिटांत आकडा जिथून निघाला होता तिथे परतला. यापलीकडे मला कुठलं भाषण नको.

कुणी म्हणेल, कॅल्शियमचा कण आणि उदबत्तीच्या धुरातला काजळीचा कण सारखे नाहीत. बरोबर. काजळीबरोबर बेंझीन, फॉर्मल्डिहाइड, कार्बन मोनॉक्साइड येतात, क्षाराबरोबर येत नाहीत. म्हणून मी दोन्ही सारखेच घातक आहेत असं म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढंच की 'धूर नाही' या निकषाने हवा शुद्ध ठरत नाही, आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिकेत शिरणारा बारीक कण कुठल्याही नावाचा असला तरी त्रास देऊ शकतो. आरओचं पाणी घातलं तर धूळ जवळजवळ जाते. नुसतं उकळून घेतलं तर क्षार पुरेसे जात नाहीत. भाषणात यातलं एक वाक्य असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. लिंबू-संत्र्याच्या तेलातलं लिमोनीन ओझोनशी भेटलं की फॉर्मल्डिहाइड आणि नवे सूक्ष्म कण तयार होतात, आणि कडक उन्हाच्या दुपारी ओझोन खिडकीतून आत येत असतो. टाकीत रात्रभर उरलेल्या पाण्यात जंतू वाढतात, सकाळी चकती तेच पाणी उडवते. पाटीवर 'नैसर्गिक' लिहिलेलं असलं तरी फुप्फुस पाटी वाचत नाही.

धुपाबद्दल मात्र मला दुसऱ्या बाजूशीही भांडायचं आहे, कारण हे भांडण आमच्या घरात तीस वर्षं चाललंय. धुपाने हवा शुद्ध होते, आजीने जन्मभर राळ-गुग्गुळ जाळला आणि ती नव्वदीपर्यंत जगली, असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. आजी चुलीसमोरही जन्मभर बसली आणि तिचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही, हे कुणी सांगत नाही. चुलीच्या धुराने खेड्यातल्या बायकांची फुप्फुसं खराब झाली हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही हाच युक्तिवाद समोर आला होता. वास चांगला म्हणून धूर चांगला होत नाही. पण धूप जाळायची पद्धत बदलली की धूर पुष्कळ कमी होतो, हे मी पाहिलं आहे. उघड्या लाल निखाऱ्यावर राळ टाकली की ती क्षणात करपते, काळा, घशाला लागणारा धूर निघतो. तोच निखारा धुपाटण्यात गोवरीच्या राखेने झाकला आणि राखेवर मुगाएवढा गुग्गुळ ठेवला तर तो हळूहळू तापतो, वास आधी येतो, धूर उशिरा आणि थोडा. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड मात्र निघत राहतो, त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून झोपायच्या बंद खोलीत धुपाटणं कधीही ठेवू नये.

आणि तीव्रता. गृहस्थ म्हणाले की डिफ्यूझरचा वास मंद असतो, म्हणून दिवसभर चालू ठेवा. नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावतं. मग वास गेला असं वाटतं आणि माणूस दोन थेंब वाढवतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला दारातच डोकं जड होतं तेव्हा घरच्यांना काहीच जाणवत नसतं. वास येईनासा झाला याचा अर्थ तेल कमी पडलं असा नसतो, बहुतेक वेळा खोलीत ते पुरेसं झालेलं असतं.

मग घरात काय करावं? माझं उत्तर लहान आहे. उदबत्ती अर्धी मोडून लावा, जळणारा मसाला निम्मा की धूर निम्मा. ज्या बाजूने हवा बाहेर जाते त्या खिडकीशी लावा. खिडकी बंद असेल तर तासाभरात खोलीतली हवा जेमतेम एकदा बदलते, आणि विझल्यावरही धूर एक दशांशावर यायला दोन तासांहून जास्त लागतात. दोन समोरासमोरच्या खिडक्या उघडून तीच हवा तासाला दहा वेळा बदलली तर तेवढंच काम पंधरा मिनिटांत होतं. डिफ्यूझर हवाच असेल तर आरओचं पाणी, दोन थेंब, पंधरा मिनिटं, मग टाकी रिकामी करून पुसून ठेवा. आईला जिथे झोपायचं तिथे आम्ही यातलं काहीच लावत नाही.

हवा कुठल्या बाजूने बाहेर जाते हे कळायला मात्र उदबत्तीच कामी आली. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावून अर्धी उदबत्ती घेऊन घरभर फिरलो. देवघराजवळ धुराची रेघ सरळ आईच्या खोलीकडे वळत होती, तिथून पॅसेजमधून फॅनकडे. म्हणजे इतकी वर्षं रोज संध्याकाळी उदबत्तीचा धूर आधी आईच्या उशीवरून जात होता. त्या दिवसापासून उदबत्तीचं घर स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, फॅनच्या खाली, आणि आरतीच्या वेळी आईच्या खोलीचं दार आम्ही लावून घेतो.