ब्राह्मीची बाटली आणि फेब्रुवारीची परीक्षा

जानेवारी उजाडला, पूर्वपरीक्षेचे गुण घरी आले, की कोल्हापुरातल्या औषधांच्या आणि काष्ठौषधींच्या दुकानांत पालकांची एक चौकशी नेमाने सुरू होते: ‘वाचलेलं लक्षात राहत नाही, काहीतरी द्या.’ मग ब्राह्मीचे सिरप, शंखपुष्पीची बाटली, अश्वगंधाच्या गोळ्या यांपैकी काहीतरी घरी येते. कोल्हापूर विभागीय मंडळाच्या तिन्ही जिल्ह्यांत, म्हणजे कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्यात, बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि पाठोपाठ दहावीची. बाटली आणि पहिला पेपर यांच्यात उरतात जेमतेम पाच-सहा आठवडे.

ब्राह्मीबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणजे ती बुद्धीचे रामबाण औषध आहे, दुसरे म्हणजे ती निव्वळ थोतांड आहे. पुरावा या दोन्हींच्या मधोमध उभा आहे. ब्राह्मीवर माणसांमध्ये बऱ्यापैकी अभ्यास झालेले आहेत आणि त्यांतून थोडा फायदा दिसतोही. पण तो फायदा ठरावीक वनस्पतीचा, ठरावीक मात्रेचा आणि ठरावीक काळाचा आहे. घरी आलेली बाटली यांपैकी कशात बसते, हा खरा प्रश्न आहे.

नागपुरातला प्रयोग

या विषयावरचा आपल्याला सर्वांत जवळचा अभ्यास महाराष्ट्रातलाच आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या ६० विद्यार्थ्यांवर तो झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने विद्यार्थ्यांचे दोन गट केले गेले. एका गटाला ब्राह्मीच्या प्रमाणित अर्काची १५० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, अशी सहा आठवडे दिली. दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली मात्रा दिली. सुरुवातीला आणि शेवटी सर्वांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या व रक्ततपासण्या झाल्या. ब्राह्मी घेणाऱ्या गटाची आकलन व स्मृतीच्या चाचण्यांतली कामगिरी सुधारलेली आढळली. रक्तातले कॅल्शियमही थोडे वाढले, पण ते सामान्य मर्यादेतच राहिले.

निकाल आशादायक आहे, पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. विद्यार्थी ६० म्हणजे थोडेच होते. ते वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचलेले तरुण होते, दहावीतली मुले नव्हती. मोजली गेली ती प्रयोगातल्या चाचण्यांमधली कामगिरी. परीक्षेचे गुण किती वाढले, हे या अभ्यासातून कळत नाही. आणि दिलेले औषध हा कारखान्यात मोजूनमापून तयार केलेला अर्क होता, साधे सिरप नव्हते.

ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये ४६ निरोगी प्रौढांवर असाच अभ्यास झाला. रोज ३०० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांची शिकण्याची गती आणि शिकलेले टिकवण्याची क्षमता सुधारली, चिंताही कमी झाली. मात्र हा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो १२ आठवड्यांनंतर. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात ३०० मिलिग्रॅमची एकच मात्रा देऊन दोन तासांनी ३८ जणांची चाचणी घेतली, तेव्हा काहीही फरक पडलेला नव्हता. पेपरच्या दिवशी सकाळी घेतलेल्या चमचाभर ब्राह्मीने काय होईल, याचे उत्तर एवढ्यातच मिळते.

पुढे २०१२ मध्ये १२ आठवड्यांच्या सहा चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. वाचलेली किंवा ऐकलेली गोष्ट मदतीशिवाय आठवून सांगणे, या प्रकारच्या १७ कसोट्यांपैकी नऊमध्ये ब्राह्मी सरस ठरली. मेंदूच्या इतर कामांबाबत मात्र फारसा पुरावा मिळाला नाही. म्हणजे फायदा आहे, पण तो मर्यादित आणि हळूहळू येणारा आहे.

आता दिनदर्शिका पाहा. समजा, राजारामपुरीतल्या एका बारावीच्या मुलीसाठी १० जानेवारीला बाटली आणली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पेपर असेल, तर हाताशी पाचच आठवडे आहेत. अभ्यासांमधला १२ आठवड्यांचा काळ धरायचा झाला, तर सुरुवात नोव्हेंबरच्या मध्यावर, दिवाळीच्या आसपास व्हायला हवी होती. जानेवारीतली खरेदी ही बहुतेक वेळा मनाच्या समाधानाची खरेदी ठरते.

नाव एक, वनस्पती दोन

वेळेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाटलीत नेमके काय आहे. ‘ब्राह्मी’ हे नाव आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पतींना लावले जाते. वरच्या सगळ्या अभ्यासांतली ब्राह्मी म्हणजे नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी, शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी. तिची पाने लहान, लांबट, जाडसर असतात, चव कडू असते आणि फुले फिकट निळसर किंवा पांढरी असतात. दुसरी मंडूकपर्णी, कोकणात जिला कारिवणा म्हणतात, तिचे शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. तिची पाने गोलसर, कातरलेल्या कडांची आणि लांब देठाची असतात. कुंडीत ‘ब्राह्मी’ म्हणून लावलेले रोप अनेकदा हीच असते. आयुर्वेदाला दोन्ही परिचित आहेत, पण त्यांतली रसायने वेगळी आहेत. नीरब्राह्मीवरच्या अभ्यासाचे श्रेय मंडूकपर्णीला देता येत नाही. म्हणून लेबलवर शास्त्रीय नाव आहे का, हे आधी पाहावे.

त्यानंतर मात्रा. अभ्यासांतला ३०० मिलिग्रॅम अर्क काही ग्रॅम वाळलेल्या वनस्पतीपासून बनतो आणि त्यात बॅकोसाइड या घटकांचे प्रमाण ठरलेले असते. समजा, सिरपच्या लेबलवर ‘प्रत्येक १० मिलिलिटरमध्ये ब्राह्मी ५०० मिलिग्रॅम’ असे लिहिले आहे. आकडा ३०० पेक्षा मोठा दिसतो. पण ते ५०० मिलिग्रॅम साध्या चूर्णाचे असतील, तर अभ्यासातल्या मात्रेचा तो लहानसा अंश आहे. लेबलवर ‘चूर्ण’ किंवा ‘स्वरस’ लिहिले आहे की ‘घन’ म्हणजे आटवून वाळवलेला अर्क, आणि बॅकोसाइडची टक्केवारी दिली आहे का, यावरून हा फरक ओळखता येतो. यांपैकी काहीच लिहिलेले नसेल, तर त्या बाटलीला अभ्यासांचा आधार नाही. डोक्याला लावायच्या ब्राह्मी तेलाचेही तसेच. मालिशने बरे वाटते, झोपही लागेल, पण वर सांगितलेल्या अभ्यासांपैकी एकातही तेल वापरलेले नव्हते.

शुद्धतेचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादने अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तपासणीत सुमारे पाचातल्या एका उत्पादनात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. भस्मे व रसौषधी असलेल्या उत्पादनांत हे प्रमाण सुमारे दुप्पट होते. शिसे वाढत्या वयाच्या मुलांच्या बुद्धीलाच इजा करते. स्मरणशक्तीसाठी आणलेल्या गोळीतून शिसे पोटात जाणे, याहून उलटा परिणाम नाही. घटकांत भस्म असलेली किंवा उत्पादकाचा परवाना क्रमांक नसलेली मिश्रणे मुलांना देऊ नयेत.

शंखपुष्पी, अश्वगंधा आणि दुष्परिणाम

शंखपुष्पीची स्थिती ब्राह्मीपेक्षा कमकुवत आहे. तिच्याही नावाखाली वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात आणि बरेचसे काम प्राण्यांवर झालेले आहे. विद्यार्थ्यांना तिचा उपयोग होतो असे ठामपणे म्हणावे, इतका पुरावा नाही. अश्वगंधा ही मुख्यतः स्मरणाची नव्हे, ताणाची औषधी म्हणून अभ्यासली गेली आहे. ताण असलेल्या प्रौढांना सुमारे दोन महिने दिल्यावर तो कमी झाल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले. पण तिच्यामुळे यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याच्या घटनाही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. ती सुरू असताना लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे यांपैकी काही झाले, तर गोळी लगेच थांबवून रक्ततपासणी करावी.

ब्राह्मी बहुतेकांना सोसते. तिचा नेहमीचा त्रास पोटाचा: मळमळ, पोटात कळ, शौचास वारंवार जावे लागणे. परीक्षेच्या आठवड्यात पहिल्यांदाच ती सुरू करणे म्हणूनही शहाणपणाचे नाही. थायरॉइडच्या, फिट्सच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेल्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांतले काहीही देऊ नये.

लक्षात न राहण्याचे कारण

बाटलीचा सर्वांत मोठा तोटा पैशांचा नाही. ती आली की कारण शोधायचे राहून जाते. त्याच राजारामपुरीतल्या मुलीची चौकशी केली, तर कदाचित असे निघेल: रात्री पाच तास झोप, सकाळी न खाता क्लास, पाळीत जास्त रक्तस्राव, जिना चढताना धाप. हे चित्र रक्तक्षयाचे असू शकते, आणि आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक मुली व महिलांना रक्तक्षय आहे. साध्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कळते आणि लोहाच्या गोळ्यांनी ते भरून निघते. लोह कमी असताना लक्ष लागत नाही. तिथे ब्राह्मी लोहाची जागा घेऊ शकत नाही. वजन वाढणे, थंडी सहन न होणे, सतत सुस्ती असेल तर थायरॉइड तपासावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहणे, रडू येणे, जेवण तुटणे, ‘मी नसलेलीच बरी’ असे बोलणे, ही विसराळूपणाची लक्षणे नाहीत. अशा वेळी थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

उरलेल्या पाच आठवड्यांत खरोखर काय उपयोगी पडते, यावरही प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. इतरांनी तो एकदाच वाचला आणि मग तीनदा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारले, तेव्हा चार वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के मजकूर आठवला आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. धडा वाचून पुस्तक मिटणे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिणे, चुकलेले तपासणे आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच करणे, इतकी ही पद्धत साधी आहे. शिकलेले मेंदूत पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेत होते, त्यामुळे सात-आठ तासांची झोप कापून केलेले वाचन तोट्यात जाते.

आजीने प्रेमाने दिलेली ब्राह्मी मुलाला सोसत असेल, लेबल स्पष्ट असेल आणि मुलाची दुसरी औषधे चालू नसतील, तर तिच्यावरून घरात वाद घालण्याचे कारण नाही. फक्त तिच्याकडून फेब्रुवारीत गुणांची अपेक्षा धरू नये, आणि ती आणली म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी पुढे ढकलू नये.