पार्सल अडकलंय? बिल दाखवा!

ओझर टाऊनशिपमध्ये राहणाऱ्यांना एक कोडं नेहमी पडतं. विमानतळ घराशेजारी, एचएएल आणि कॉनकॉरच्या 'हॅलकॉन'चं कार्गो संकुलही इथलंच, मग टोकियोहून मागवलेली कॅमेऱ्याची लेन्स मुंबईत का बसून राहिलीय? उत्तर सोपं आहे. हॅलकॉनचं काम व्यापारी मालाचं. तुमचं टपालानं येणारं पार्सल ज्या विदेश डाकघरात उतरतं, त्याची तपासणीही तिथलंच कस्टम्स करतं. आपल्याकडच्या पार्सलांसाठी बहुधा ते मुंबईचं, बॅलार्ड इस्टेटमधलं असतं. तेव्हा ओझरच्या पोस्टातल्या काकांवर चिडून काहीही होणार नाही. त्यांच्याकडे पार्सल आलेलंच नाहीये.

ट्रॅकिंगवर 'Held by Customs' अशा अर्थाची ओळ दिसली की घाबरायचं कारण नाही. बहुतेक वेळा अडचण एकच असते: किमतीवर विश्वास बसलेला नाही. पाकिटावर पाठवणाऱ्यानं एक फॉर्म चिकटवलेला असतो, सीएन २२ किंवा मोठ्या किमतीसाठी सीएन २३. त्यावर वस्तू काय आणि किंमत किती ते लिहायचं. आता तिकडच्या विक्रेत्यानं तुमच्यावर उपकार म्हणून 'गिफ्ट, २० डॉलर' असं लिहिलं असेल, तर त्यानं तुमचा घातच केलाय राव. अधिकारी खोका उघडतो, आत कोरी लेन्स, आणि तिचा भाव नेटवर शोधायला त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. शिवाय डिसेंबर २०१९ पासून टपाल-कुरिअरनं 'गिफ्ट' म्हणून ड्युटी न भरता माल सोडवायची सोय राखी आणि जीवरक्षक औषधं सोडता बंद झालीय. पूर्ण ड्युटी भरून भेट जरूर घ्या, पण 'गिफ्ट' लिहिलं की फुकट, हे दिवस गेले.

मग पत्र येतं. त्यात मागतात ते बिल, पैसे दिल्याचा पुरावा, ओळखपत्राची प्रत आणि वस्तू कशासाठी मागवली त्याचं चार ओळींचं पत्र. यातला खरा हुकमाचा पत्ता म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा. बिल कुणीही टाईप करू शकतं, पण कार्डाच्या स्टेटमेंटवर विक्रेत्याचं नाव, तारीख आणि रक्कम बिलाशी जुळली की शंका घेायला फारशी जागा उरत नाही. स्टेटमेंटवरची तेवढी ओळ अधोरेखित करा. लेबलवरची किंमत चुकीची असेल तर तसं स्पष्ट लिहा: विक्रेत्यानं कमी लिहिली, मी इतके भरले, हा पुरावा, या किमतीवर ड्युटी लावा. लेबलशी जुळणारं खोटं बिल मागवायचा मोह अजिबात नको! खोट्या किमतीचा माल कस्टम्सला जप्त करता येतो आणि वर दंडही लावता येतो.

आता हिशोब. समजा लेन्स १८,००० रुपयांची आणि टपालखर्च ३,००० रुपये. ड्युटी १८,००० वर लागत नाही. वाहतूक आणि विमाही किमतीत धरतात. विम्याचा आकडा कळत नसेल तर वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के, म्हणजे सुमारे २०० रुपये. झाले २१,२००. वैयक्तिक वापराच्या वस्तूंचा मूळ दर २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वी ३५ टक्के होता, त्या अर्थसंकल्पात तो २० वर आला आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात १० टक्के करण्याची घोषणा झाली. १० टक्क्यांनी २,१२० रुपये होतात आणि आयजीएसटी या मूळ ड्युटीसह झालेल्या बेरजेवर लागतो. म्हणूनच टपालखर्चाची पावती जपून ठेवा. एकसारख्या तीन लेन्स मागवल्यात तर मात्र 'वैयक्तिक वापर' पटवणं अवघड. तिथं आयात-निर्यात कोडचा प्रश्न येतो.

किती दिवस? कागद पूर्ण असतील तर ते पोचल्यावर एक ते तीन आठवडे धरून चाला. दिवाळीच्या आसपास थोडे जास्तच. खरा वेळ जातो तो पत्राच्या प्रवासात आणि अर्धवट उत्तरात. एक कागद राहिला की पुन्हा पत्र, पुन्हा रांग. आणि उत्तरच दिलं नाही तर पार्सल परत टोकियोला. सुटल्यावर ड्युटी पोस्टमनलाच द्यायची, तेव्हा पैसे घरात ठेवा. कुरिअरचं गणित वेगळं आहे: कंपनीच केवायसी घेते, ड्युटी आधी भरते आणि स्वतःचा आकार जोडून तुमच्याकडून वसूल करते. काम लवकर होतं, खिसाही लवकर हलका होतो.

आणि हो, 'कस्टम्समधून बोलतोय, या नंबरवर यूपीआय करा' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. कस्टम्स कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. त्यांच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो खरा की खोटा हे सीबीआयसीच्या साईटवर तपासता येतं.