घरातील दुरुस्ती : बेसिनचा मिक्सर नळ बदलताना

एका दांड्याच्या मिक्सर नळातून केवळ थेंब ठिबकत असतील, तर बहुधा आतील कार्ट्रिज बदलून भागते. मात्र नळाची बैठक गंजली असेल किंवा अंगालाच भेग गेली असेल, तर पूर्ण नळ बदलावा लागतो. या कामातील खरी अडचण असते ती बेसिनच्या मागील अरुंद जागेत दडलेल्या नटाची.

प्रथम गीझरचा वीजपुरवठा बंद करावा. बेसिनखालील दोन्ही अँगल कॉक बंद करून जुना नळ उघडावा. धार थांबली नाही, तर अँगल कॉक निकामी झाला आहे असे समजून टाकीकडील व्हॉल्व्ह बंद करावा. खाली बादली ठेवून कनेक्शन पाइप सोडवावेत. त्या वेळी एका पान्याने अँगल कॉक घट्ट धरावा. तो फिरल्यास भिंतीतील जोड ढिला होतो आणि गळती भिंतीच्या आत सुरू होते.

नळ बेसिनला धरून ठेवणारा नट एका लांब आट्याच्या सळईवर असतो. मागे भिंत व पुढे बेसिनचे भांडे असल्याने साध्या पान्याला तेथे फिरायला जागा नसते. तेथे नळीसारखा पोकळ, लांब बॉक्स पाना चालतो. तो सळईवरून सरळ वर सरकतो आणि आडवी दांडी खाली, मोकळ्या जागेत फिरते. नट मोठा असल्यास लांब दांड्याचा व टोकाला वळणारा जबडा असलेला बेसिन पाना घ्यावा. पाना घेण्यापूर्वी नटाचे माप पाहावे. जुन्या व नव्या नळाचे नट सारखेच असतील असे नाही. खालून वर पाहताना नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. गंजलेल्या नटावर गंज सोडवणारे तेल सोडून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. जोर केल्यास चिनी मातीचे बेसिन तडकते.

नवे पाइप नळात हातानेच बसवावेत. तेथील रबरी कड्याच पाणी अडवतात. टेफलॉन टेप लावू नये. नळाखाली रबरी वॉशर ठेवून तो सरळ धरावा. खालून अर्धचंद्राकृती रबर व धातूची पट्टी चढवून नट आवळावा. त्यानंतर डाव्या बाजूचा पाइप गरम व उजव्या बाजूचा थंड पाण्याच्या कॉकला जोडावा. पाइप ताणलेला वा मुडपलेला नसावा. नट हाताने बसवून पान्याने साधारण पाव फेरा द्यावा. अधिक आवळल्यास वॉशर फाटतो.

शेवटी तोटीची जाळी काढून पाणी वाहू द्यावे, म्हणजे कचरा निघून जाईल. मग जाळी लावून नळ बंद करावा व प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवावा. अर्ध्या तासाने पुन्हा तसेच करावे. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर उमटतो.